मोडीचं सोनं आणि तिसरं अणुव्रत



आपल्याकडे पाठशाळेत आणि पर्युषणात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. गाव लहान, सराफ सज्जन. एक विधवा बाई रुमालात सोनं बांधून पेढीवर येते. हिला भावातलं काही कळत नाही हे सराफाच्या लक्षात येतं. तरीही तो तिला फसवत नाही, पुरे पैसे मोजतो. पुढे गावभर त्याचं नाव होतं आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक डोळे मिटून त्याच्या पेढीवर येतात. गोष्ट संपते, आपण पदराने डोळे टिपतो आणि घरी येऊन कुकर लावतो.

माझं या गोष्टीशी भांडण आहे. चोरी केली नाही म्हणून एखाद्याला हार घालायचा, ही कुठली रीत? दूधवाल्याने पाणी घातलं नाही तर आपण त्याची आरती करतो का? दुसरं म्हणजे, फसवणूक कशी होते आणि सराफाने नेमकं काय केलं म्हणून ती झाली नाही, हे ही गोष्ट कधीच सांगत नाही. वजन, कस, घट, भाव यांतलं एक अक्षर नाही. आणि तिसरं, शेवटी बक्षीस ठेवलेलं आहे. प्रामाणिक राहा, गिऱ्हाईक टिकेल. हा धर्म झाला की धंद्याची जाहिरात?

मी कॉमर्सवाली आहे. भावनेपेक्षा वही मला लवकर समजते. म्हणून आज वहीच उघडते.

आधी एक खरा जवाहिऱ्या बघू. श्रीमद् राजचंद्र आपल्याला आत्मसिद्धीमुळे माहीत आहेत, पण पोटापाण्यासाठी ते मुंबईत हिरे-मोत्यांचा व्यापार करत. जन्म १८६७, देहान्त १९०१, म्हणजे आयुष्य जेमतेम तेहेतीस वर्षांचं. गांधीजी १८९१ मध्ये विलायतेहून परतले तेव्हा डॉ. प्राणजीवन मेहतांच्या घरी दोघांची ओळख झाली. गांधीजींनी आत्मकथेत त्यांच्यावर एक प्रकरण लिहिलं आहे. लाखांचे सौदे करणारा हा माणूस मोत्यांचा पारखी होता, आणि त्याच गादीवर शेजारी धर्माचं पुस्तक आणि टिपणवही ठेवलेली असे, असं गांधीजी सांगतात. त्यांचे भागीदार रेवाशंकर जगजीवन झवेरी. ज्या मणिभवनात गांधीजी पुढे मुंबईला आले की उतरत, ते यांचंच घर.

श्रीमदांच्या चरित्रांत मोत्यांची एक हकिगत येते. एक अरब व्यापारी आपल्या धाकट्या भावासह मुंबईत मोती विकत असे. एकदा धाकट्याला वाटलं, आपणही एक सौदा करून दाखवावा. दलालाने त्याला श्रीमदांकडे नेलं, मोत्यांचं पुडकं दाखवलं, किंमत ठरली, पैसे चुकते झाले. घरी गेल्यावर मोठा भाऊ हबकला. ते मोती दुसऱ्या कुणाचे होते आणि ठरावीक किमतीखाली विकायचे नाहीत अशी लेखी अट होती. धाकटा रडकुंडीला येऊन परत आला. श्रीमदांनी पुडकं जसंच्या तसं काढून दिलं, आपले पैसे परत घेतले, आणि हातात आलेला मोठा नफा सोडून दिला. तो अरब त्यानंतर त्यांना फार मानू लागला, असं चरित्रकार सांगतात.

आपण ही हकिगत ऐकतो ती महापुरुषाची म्हणून. मला तिच्यात एक साधा प्रश्न दिसतो. विकणाऱ्याला आपल्या मालाची किंमत माहीत नाही, घेणाऱ्याला माहीत आहे. मग या माहितीतल्या फरकाचा पैसा कुणाचा? बाजार म्हणतो, ज्याला कळतं त्याचा. श्रीमदांनी उत्तर दिलं, माझा नाही.

आणि लक्षात घ्या, तो मोत्यांचा सौदा होता. मोत्याची किंमत नजरेची असते. पाणी, घाट, आकार, रंग बघून दोन पारखी दोन किमती सांगतील आणि दोघेही खोटे नसतील. तिथे व्यापारी निदान म्हणू शकतो की माझ्या अंदाजाने एवढंच. सोन्यात ही सबबच नाही. सोन्याची किंमत म्हणजे वजन गुणिले कस गुणिले आजचा भाव. भाव दुकानाच्या फळ्यावर आहे, वजन काट्यावर आहे, कस यंत्रात आहे. तिन्ही आकडे सराफाच्या बाजूला असतात आणि बाई काउंटरच्या अलीकडे असते, एवढाच काय तो फरक. तरीही सगळ्यात जास्त फसवणूक मोडीच्या सोन्यात होऊ शकते, कारण नवा दागिना घेताना बाई चार दुकानं फिरते, मोड द्यायला मात्र एकाच दुकानात जाते. तीही मान खाली घालून.

आता हिशेब करू. ही बाई माझ्या कल्पनेतली आहे, पण तुमच्या ओळखीची निघाली तर नवल नाही. आपण तिला वहिनी म्हणू. नवरा जाऊन चार महिने झाले, मुलीची फी भरायची आहे. वहिनी आपल्या राम आळीत जातात. रुमालात पाटल्यांचा जोड आणि सासूबाईंची बोरमाळ. हिशेब सोपा जावा म्हणून शुद्ध, म्हणजे २४ कॅरेट सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरते. खरा भाव रोज बदलतो, तो तुम्ही त्या दिवशीच्या पेपरात बघा.

पाटल्या भरीव असतात. वजन भरलं ४० ग्रॅम. बावीस कॅरेटच्या असतील तर त्यात शंभरात ९१.६ भाग सोनं, म्हणजे ३६.६४ ग्रॅम शुद्ध. बोरमाळ वेगळी. तिचे मणी आतून पोकळ, त्यांत लाख भरलेली, आणि ओवायला दोरा. काट्यावर ती २२ ग्रॅम भरते, पण लाख आणि दोरा काढल्यावर सोनं राहतं १६ ग्रॅम. जुनी घडण, मण्यांना डाख भरपूर, म्हणून कस थोडा कमी, २० कॅरेट धरू, म्हणजे शंभरात ८३.३. शुद्ध सोनं १३.३३ ग्रॅम. दोन्ही मिळून ४९.९७ ग्रॅम. आटवताना आणि शुद्ध करताना काही जातं, सराफाची मेहनत आणि जोखीम आहे, त्याचा एक टक्का काढू. वहिनींच्या हातात यायला हवेत ४,९४,७०० रुपये.

आता तेच दागिने दुसऱ्या काउंटरवर ठेवू. इथे कुणी काटा मारत नाही, हे आधी सांगते. आजकाल काटा मारणं सगळ्यात अवघड आहे, आकडा समोर चमकतो. फसवणूक सगळी तोंडी होते. पाटल्या हातात घेऊन सराफ म्हणतो, "जुन्या आहेत वहिनी, वीसच निघतील." ३६.६४ ग्रॅमचे ३३.३२ झाले. बोरमाळ उचलून म्हणतो, "यात अर्धी लाखच." १६ ग्रॅमचे ११ झाले. "आणि डाख फार, अठराच धरावं लागेल." राहिलं सव्वाआठ ग्रॅम. मग "आटणीत पाच टक्के घट." मग "खरेदीचा भाव वेगळा असतो," म्हणून ग्रॅममागे ९,७००. करा गुणाकार. येतात ३,८३,०५० रुपये. वहिनींचे एक लाख अकरा हजार रुपये गेले, आणि पूर्ण वेळ सराफ तिच्याशी अत्यंत गोड बोलत होता. चहासुद्धा मागवला असेल.

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणून तर ते पचतं. जुन्या दागिन्यात कस कमी असू शकतो. बोरमाळेत, ठुशीत लाख असतेच. घट येतेच. पण "असू शकतो" आणि "आहे" यांच्या मधे मोजणी असते. ती मोजणी वहिनींसमोर झाली नाही, तर अंदाज प्रत्येक वेळी एकाच बाजूला का झुकतो, हा माझा प्रश्न. चुकून कधी बाईच्या बाजूने चूक झालेली ऐकली आहे का कुणी?

आणखी एक युक्ती आहे, ती शिकलेल्या बायकांनाही फसवते. फळ्यावर दोन भाव असतात, २४ कॅरेटचा आणि २२ कॅरेटचा. आपल्या हिशेबात २२ चा भाव ९,१६० होईल, कारण कसातली कमी त्यातच धरलेली असते. आता सराफाने पाटल्यांचं वजन आधी कसाप्रमाणे कमी करून ३६.६४ केलं, आणि त्याला पुन्हा २२ चा ९,१६० भाव लावला, तर कस दोनदा कापला गेला. नुसत्या पाटल्यांत तीस हजारांहून जास्त गेले. नियम सोपा आहे: कसाप्रमाणे वजन कमी केलं असेल तर भाव २४ चा, पूर्ण वजन धरलं असेल तर भाव त्या दागिन्याच्या कॅरेटचा. दोन्ही कधीच नाही.

तोळ्याचंही तसंच. आज आपण बोलताना तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. सासूबाईंच्या वहीत "पाटल्या चार तोळे" असं जुन्या मापाने लिहिलं असेल तर काट्यावर साधारण साडेशेहेचाळीस ग्रॅम यायला हवेत, झिजेचे थोडे कमी. चाळीस आले आणि सराफ म्हणाला "चार तोळे बरोबर आहेत," तर बरोबर नाहीत. घरून निघताना औषधाच्या दुकानात नव्हे, दुसऱ्या एखाद्या सराफाच्या काट्यावर नुसतं वजन करून घ्यावं आणि कागदावर लिहून ठेवावं.

आता प्रामाणिक सराफ काय करतो ते सांगते, कारण गोष्टीत तेवढंच गाळलेलं असतं.

तो आधी दागिने जसे आहेत तसे वजन करून लिहून देतो. मग खडे, मोती, काळे मणी काढून तिच्या हातात परत देतो. ते तिचे आहेत. बोरमाळ, ठुशी असेल तर लाख तिच्यासमोर तापवून काढतो आणि पुन्हा वजन करतो. अर्धी की पाव, हा वादच उरत नाही. मग कस. पूर्वी कसोटीच्या दगडावर रेघ ओढून तेजाबाने बघत, अनुभवी हात असेल तर ते बरंच जमतं. आता बहुतेक मोठ्या दुकानांत किरणांचं यंत्र असतं, मिनिटभरात टक्के दाखवतं. पण त्या यंत्राची एक मर्यादा आहे आणि ती आपल्याला माहीत हवी. ते फक्त वरचा अगदी पातळ थर वाचतं. वरून मुलामा असेल तर जास्त दाखवेल, नेमकं डाखाच्या जागी धरलं तर कमी दाखवेल. म्हणून चांगला सराफ तीन-चार जागी वाचन घेतो आणि पडद्यावरचा आकडा बाईला दाखवतो. एकाच जागी, तेही कडीच्या जोडाशी धरून "बघा, अठरा" म्हणणारा तुम्हाला यंत्राने फसवतो आहे. यंत्र खोटं बोलत नाही, ते धरणारा हात बोलतो.

सगळ्यात पक्कं म्हणजे आटवून लगड करणं आणि लगडीचा कस बघणं, कारण आटवल्यावर सोनं आणि डाख एकजीव होतात. पण इथे सावध. एकदा मुशीत गेलेली बोरमाळ परत येत नाही. नंतर भाव पटला नाही तरी तिच्या हातात फक्त एक पिवळा गोळा असतो, आणि दुसरा सराफ त्या गोळ्याकडे संशयाने बघतो. म्हणून आटवण्याआधी वजन, वाचन आणि कपातीचा दर कागदावर हवा. आणि आटणी तिच्या डोळ्यांसमोर हवी. "कारखान्यात पाठवतो, उद्या या" हे चालणार नाही.

शंका असेल तर विकण्याआधी दागिना सरकारमान्य हॉलमार्क केंद्रात तपासून घेता येतो. सामान्य ग्राहकाला ती सोय आहे आणि शुल्क शे-दोनशे रुपयांच्या घरातलं असतं. अलीकडच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर तो सक्तीचा आहे. फोनवर BIS Care ॲपमध्ये तो क्रमांक घातला की दागिन्याचा कस दिसतो. असा दागिना मोडताना कुणी "वीसच निघेल" म्हणाला तर फोन त्याच्यासमोर धरावा. बोलायची गरज नाही.

शेवटी पैसे. जीएसटीच्या नावाखाली तीन टक्के कापणारे आहेत. घरचे जुने दागिने विकणाऱ्या बाईकडून जीएसटी घ्यायचा नसतो, ती काही व्यापारी नाही. आणि रोखीचा आग्रह नको. सराफाने एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांवर रोख दिली तर आयकरात तो खर्च त्याला धरता येत नाही. त्यामुळे ज्याची वही सरळ आहे तो स्वतःच बँकेतून पैसे देतो. "रोख घ्या, पावती कशाला?" असं जो म्हणतो, त्याच्या वहीत वहिनींचं सोनं आलेलंच नसतं. उद्या ती तक्रार कशाच्या आधारावर करणार?

आता माझ्या भांडणाच्या मुख्य मुद्द्याकडे येते.

आपले लोक म्हणतात, "व्यवहार हा व्यवहार, धर्म हा धर्म." मी विचारते, तिसरं अणुव्रत कशासाठी आहे? अचौर्य म्हणजे तिजोरी न फोडणं एवढंच असतं तर आपल्यासारख्या खाऊनपिऊन सुखी घरांना त्या व्रताची गरजच नव्हती. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार मोजले आहेत. त्यांतला एक आहे हीनाधिकमानोन्मान, घेताना एक माप आणि देताना दुसरं. दुसरा प्रतिरूपकव्यवहार, अस्सलच्या जागी हलकं दाखवणं. हे दोन्ही दुकानातले दोष आहेत, जंगलातल्या दरोडेखोराचे नाहीत. सोनं विकताना २२ चं म्हणून भाव लावायचा आणि तेच सोनं मोडीला आलं की वीसचं म्हणायचं, याला दुसरं काय नाव आहे? आपल्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी राम आळीतला काउंटर बघितला होता असं वाटावं, इतकं ते नेमकं आहे. रात्री चोविहार पाळायचा आणि दिवसा विधवेच्या पाटल्या दोन कॅरेटने खाली उतरवायच्या, या दोन गोष्टी एका वहीत जमा-खर्चाला बसत नाहीत.

सराफांच्या बाजूचंही बोलते, कारण आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल पेढीवरच पेटते. जागेचं भाडं आहे, कारागिराची मजुरी आहे, आज घेतलेलं सोनं उद्या भाव पडला तर तोटा आहे. सगळं मान्य. नफा घ्या. पण त्याला नफा म्हणा आणि पावतीवर लिहा, "खरेदी कपात दोन टक्के." बाईला पटलं तर देईल, नाही पटलं तर पुढच्या दुकानात जाईल. कसाच्या आणि लाखेच्या आड लपवलेला नफा हा नफा नसतो. मी शिकले त्या हिशेबशास्त्रात त्याला वेगळं खातं आहे, आणि ते खातं चांगलं नाही.

आता बक्षिसाचं. "प्रामाणिक राहिलास तर गिऱ्हाईक पुन्हा येईल," हा उपदेश नेमका या बाईला लागू पडत नाही. वहिनी शेवटचं सोनं मोडायला आल्या आहेत. त्या पुन्हा कशाला येतील? त्यांच्याकडून पुढे मिळण्यासारखं काहीच नाही. फायद्यासाठी प्रामाणिक राहणारा सराफ हा हिशेब क्षणात करतो. त्यामुळे खरी परीक्षा लग्नाची खरेदी करणाऱ्या कुटुंबाच्या वेळी होत नाही, तिथे सगळेच गोड असतात. परीक्षा होते ती परत न येणाऱ्या बाईच्या वेळी. श्रीमदांपुढेही तो घाबरलेला धाकटा भाऊ उभा होता, ज्याला पुन्हा सौदा करायला कुणी पाठवलं नसतं. विश्वास नंतर आला. तो मिळेल म्हणून पुडकं परत दिलेलं नव्हतं.

तरीही लहान गावात विश्वास पसरतो हे खरं, आणि तो कसा पसरतो तेही बघण्यासारखं आहे. पाच वर्षांनी वहिनींची भाची लग्नाचे दागिने घ्यायला निघते, तेव्हा वहिनी म्हणतात, "त्यांच्याकडे जा. त्यांनी माझ्यासमोर लाख काढून वजन केलं होतं." बघा, ती "सज्जन आहेत" म्हणत नाही. ती एक कृती सांगते. विश्वास म्हणजे दुसरीला सांगता येईल असं काहीतरी डोळ्यांनी बघितलेलं असणं. म्हणून "आमच्या घरातलेच सराफ, पावती मागितली तर त्यांना काय वाटेल?" असं म्हणणाऱ्या बायकांवर मी रागावते. प्रामाणिक सराफाला पावतीचा राग येत नाही, उलट तो स्वतःच लिहितो. राग येतो त्याचा अर्थ तुम्हाला कळायला हवा.

आणि आता सगळ्यात कडू गोष्ट. ती सराफांची नाही, आपली आहे.

रत्नागिरीची बाई सोनं मोडायला कोल्हापूरला का जाते? मुंबईला भावाकडे जाते तेव्हा दागिने पोटाशी बांधून का नेते? भाव जास्त मिळतो म्हणून नाही. इथे मोडलं तर संध्याकाळपर्यंत देरासरात कळेल म्हणून. "ऐकलंस का, पाटल्या मोडल्या म्हणे. नवऱ्याने काही ठेवलं नव्हतं वाटतं." ही वाक्यं कोण बोलतं? सराफ बोलत नाहीत. आपण बोलतो, पूजेच्या ताटात तांदूळ भरता भरता. आपल्या या कुजबुजीला भिऊन ती अशा गावात जाते जिथे तिला कुणी ओळखत नाही, आणि म्हणजेच जिथल्या सराफाला तिला फसवून गमावण्यासारखं काही नसतं. ओळखीच्या गावात निदान त्याला तुमच्या माझ्या तोंडाची भीती असते. तिथे तीही नाही. शिवाय लाज असलेली बाई घाई करते. ती दुसरं दुकान बघत नाही, दुसऱ्यांदा वजन मागत नाही, पैसे घेऊन पदराखाली लपवून एसटी पकडते. एक लाख अकरा हजारांतला निम्मा वाटा आपल्या जिभेचा आहे, हे मी ठामपणे म्हणते.

सोनं मोडणं ही लाजेची गोष्ट नाही. सोनं घेतलं कशाला होतं? अडल्यावेळी उपयोगी पडावं म्हणून. ते स्त्रीधन आहे. कायद्यानेही ते तिचं आहे, दिराचं नाही, सासऱ्याचं नाही, आणि त्याचं काय करायचं हे ठरवायला तिला कुणाची परवानगी लागत नाही. अडीअडचणीत उपयोगी पडलं तर त्या सोन्याने आपलं काम केलं. लॉकरमध्ये पडून राहिलेलं सोनं काम करत नाही.

चांगला सराफ आणखी एक गोष्ट करतो, ती मात्र व्रताच्या पलीकडची आहे. तो विचारतो, "वहिनी, पैसे कशाला लागतात? कायमचे की चार-सहा महिन्यांपुरते?" फी भरायची आहे आणि नवऱ्याचे विम्याचे पैसे दोन महिन्यांत यायचे आहेत, असं निघालं तर तो म्हणतो, "मग मोडू नका. बँकेत सोनेतारण कर्ज घ्या, विम्याचे आले की सोडवा." त्या दिवशी त्याचा सौदा जातो. घडणावळ एकदा गेली की परत मिळत नाही, आणि तीच बोरमाळ पुन्हा करायची म्हटली तर किती जास्त पडेल, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. न फसवणं हे कर्तव्य. असा सल्ला देणं हे दान. हार घालायचाच असेल तर मी या दुसऱ्याला घालीन.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यांच्या घरी पेढी आहे त्या मैत्रिणींनी आज रात्री जेवायला वाढताना नवऱ्याला, मुलाला विचारावं: मोडीच्या पावतीवर आपण आधीचं वजन, लाख-खडे काढल्यानंतरचं वजन, कस आणि कपात असे चार आकडे लिहितो का? लिहीत नसलो तर का नाही? त्या घरातल्या पैशाने आपण देरासरात बोली लावतो. तो पैसा कुठून आला हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि ते विचारणं हे आपलं सामायिकच आहे असं मी मानते.

आणि ज्यांच्या घरी पेढी नाही त्यांनी एवढं करावं. ओळखीतली एखादी वहिनी सोनं मोडायला निघाली आहे असं कळलं, तर ते दुसऱ्या कुणाला सांगू नये. तिच्याबरोबर जावं. काउंटरसमोर शेजारी बसावं, वहीत चार आकडे लिहून घ्यावेत, यंत्राचा पडदा आपल्याकडे वळवायला सांगावा. सराफ प्रामाणिक असेल तर त्याला बरंच वाटेल. नसेल तर दोन बायकांसमोर त्याचं गोड बोलणं निम्मं होतं, एवढं नक्की.

जय जिनेंद्र.